कान टोचल्याची जखम भरली, मग ही गाठ कशाची?

सतराव्या वर्षी वरचा कान टोचून घेतलेली एक मुलगी दोन वर्षांनी आईबरोबर तपासायला आली होती. तिच्या कानाच्या पाळीला लहानपणीच सोनाराने टोचलेली भोके होती आणि त्यांना कधीही काही झाले नव्हते. चुलत बहिणीच्या लग्नात बुगडी घालायची म्हणून तिने उजव्या कानाच्या वरच्या कडेला नवे भोक पाडून घेतले. काही आठवड्यांत दुखणे थांबले, खपली पडली, बुगडी सहज फिरू लागली आणि घरात सगळ्यांनी तो विषय संपला असे धरले. चौथ्या महिन्यात भोकाच्या मागच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढे काहीतरी टणक बोटाला लागू लागले आणि रात्री उशीवर कान टेकला की तिथे खाज सुटू लागली. बुगडी काढून ठेवली की भोक बुजेल आणि गाठही जिरेल, असे तिला वाटले. भोक बुजले, पण मुगाचा वाटाणा झाला आणि वर्षभरात वाटाण्याची सुपारी झाली. शेवटी एका ठिकाणी ती गाठ कापून काढली, दोन टाके पडले, कान पूर्ववत दिसू लागला. पाच महिन्यांनी ती गाठ त्याच जागी पुन्हा उभी होती, आणि आता पहिल्यापेक्षा मोठी होती.

तिच्या आईने विचारले, "डॉक्टर, जखम तर केव्हाच भरली होती. मग हे वाढतंय तरी काय?" या आजाराबद्दल विचारता येईल असा याहून नेमका प्रश्न नाही. या गाठीला केलॉइड म्हणतात आणि ती समजून घ्यायची तर आधी जखम भरते म्हणजे काय होते, ते पाहावे लागते.

त्वचेला भोक पडले की पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते. पुढचे काही दिवस तिथे सूज असते, कारण जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा झालेल्या असतात. साफसफाई उरकत आली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जखमेत येतात. त्यांना त्वचेचे गवंडी म्हणता येईल. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार करून ते धागे जखमेच्या पोकळीत भरणे हे त्यांचे काम. हे भरणे काही आठवडे चालते आणि त्या काळात वण लालसर, थोडा उंच आणि टणक लागतो, जे अगदी स्वाभाविक आहे. त्यानंतर मात्र एक महत्त्वाची गोष्ट घडते, जिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही: काम थांबते. बरेचसे गवंडी निघून जातात किंवा नष्ट होतात, घाईने घातलेले कोलॅजन थोडे थोडे विरघळवले जाते, त्याच्या जागी नीट रचलेले कोलॅजन येते आणि वर्षभरात वण फिका, मऊ आणि सपाट होत जातो. गुडघ्यावर लहानपणी पडलेला वण आज आपल्याला शोधून काढावा लागतो, तो या थांबण्यामुळे आणि नंतरच्या या आवराआवरीमुळे.

केलॉइडमध्ये बिघाड होतो तो नेमका इथे. भरण्याचे काम नीट होते, जखम वेळेवर मिटते, वरची त्वचा अखंड होते. पण थांबण्याचा निरोप गवंड्यांपर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचला तरी ते तो मानत नाहीत. त्यांना कामाला लावणारी जी रासायनिक द्रव्ये शरीरात असतात, त्यांना केलॉइडमधले फायब्रोब्लास्ट नेहमीपेक्षा जास्त दाद देतात, आणि आतल्या आत सूज धुमसत राहते. कोलॅजन साचत जाते आणि ते विरघळवण्याचा वेग मागे पडतो. म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर असे, की जखम भरली होती हे खरेच होते. वाढत होती ती जखम नव्हे, तर जखम भरण्याची न थांबलेली क्रिया.

सगळेच उंच वण केलॉइड नसतात, आणि हा फरक उपचारासाठी फार मोलाचा आहे. भाजल्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा गुडघा फुटल्यानंतर कधी कधी वण लाल, जाड आणि खाजरा होतो. त्याला हायपरट्रॉफिक वण म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी फुगीर वण म्हणू. फुगीर वण आणि केलॉइड सुरुवातीला इतके सारखे दिसतात, की एका दिवसाच्या तपासणीत अनुभवी डॉक्टरलाही ते ओळखता येतीलच असे नाही. पण तीन गोष्टी विचारल्या की बहुधा उलगडा होतो.

पहिली गोष्ट सीमेची. फुगीर वण कितीही उंच झाला, तरी मूळ जखमेची हद्द सोडत नाही. दहा सेंटिमीटरचा चिरा असेल तर वण त्या चिऱ्यावरच दोरखंडासारखा उभा राहतो. केलॉइड मात्र कधी जखमच न झालेल्या चांगल्या त्वचेत शिरतो. कानाच्या बाबतीत हे ओळखणे सर्वांत सोपे असते, कारण मूळ जखम जेमतेम मिलिमीटरभराची असते. सुईच्या भोकातून सुपारीएवढी गाठ उभी राहिली असेल, तर हद्द ओलांडली गेली हे सांगायला मोजपट्टी लागत नाही. भोक आरपार असल्यामुळे गाठ पुष्कळदा पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे वाढते आणि मधल्या अरुंद मार्गाने जोडलेली राहते, डमरूसारखी. पुढून छोटासा मणी दिसतो आणि मोठा भाग कानामागे दडलेला असतो. म्हणून कान दुमडून मागची बाजू पाहिल्याशिवाय आणि दोन बोटांत धरून चाचपल्याशिवाय गाठीचा खरा आकार कळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. फुगीर वण जखम झाल्यापासून साधारण महिना-दोन महिन्यांत उंचावू लागतो. केलॉइडची सुरुवात पुष्कळदा उशिरा होते: जखम पूर्ण भरल्यावर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, क्वचित वर्षा-दोन वर्षांनीही. मधल्या शांत काळामुळे रुग्ण गाठीचा संबंध टोचण्याशी लावतच नाहीत आणि नवीच काही गाठ आली म्हणून घाबरतात.

तिसरी गोष्ट शेवटाची. फुगीर वण काही महिने वाढतो, थांबतो आणि बहुतेक वेळा हळूहळू खाली बसू लागतो. केलॉइड आपणहून बसत नाही. तो कधी वर्षभर आहे तेवढाच राहतो, कधी एकाएकी वाढीला लागतो, पण विरून जात नाही. म्हणूनच एखाद्या औषधाने किंवा तेलाने उंच वण बसल्याचे कोणी सांगितले, तर तो मुळात कोणत्या जातीचा वण होता हे आधी विचारावे. फुगीर वण पुष्कळदा काहीही न लावतादेखील बसला असता.

सूक्ष्मदर्शकाखालीही हे दोघे वेगळे दिसतात. फुगीर वणात कोलॅजनचे धागे त्वचेला समांतर, लाटांसारखे पसरलेले असतात. केलॉइडमध्ये जाड, काचेसारखे गुळगुळीत दिसणारे, वाटेल त्या दिशेला गेलेले पट्टे असतात. गाठ दाबली तर रबरासारखी घट्ट लागते आणि तिच्यावरची त्वचा ताणून चकचकीत झालेली असते, त्याचे कारण हेच.

केलॉइड या नावामागेही ही सीमा ओलांडण्याची खोड आहे. झाँ-लुई आलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या गाठींचे वर्णन केले, तेव्हा कडेच्या त्वचेत पसरणाऱ्या त्यांच्या शाखा पाहून त्याला खेकड्याची नांगी आठवली. त्याने आधी दिलेल्या नावात कर्करोगाचा भास होत होता, तो टाळण्यासाठी पुढे त्याने खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव घडवले. दोनशे वर्षांपूर्वी त्याला वाटलेली ती काळजी आजही प्रत्येक रुग्णाच्या चेहऱ्यावर असते, म्हणून स्पष्ट सांगतो: केलॉइड कर्करोग नाही, तो शरीरात दुसरीकडे पसरत नाही आणि स्पर्शाने कोणाला होत नाही.

हे एकाला होते आणि दुसऱ्याला होत नाही, असे का? आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला केलॉइड असेल तर धोका वाढतो. गोऱ्या त्वचेपेक्षा सावळ्या आणि काळ्या त्वचेत तो बराच जास्त आढळतो आणि साधारण १० ते ३० या वयात जास्त होतो. शरीरावर त्याच्या आवडत्या जागा ठरलेल्या आहेत: कान, छातीचा मध्यभाग, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि जबड्याची कड. तळहात, तळपाय आणि पापण्यांवर तो जवळजवळ दिसत नाही. छातीवर आणि खांद्यावर त्वचा सतत ताणली जाते, म्हणून ताण हे एक कारण मानले जाते. कानाच्या पाळीवर मात्र असा ताण नसतो, तरीही केलॉइड तिथे हमखास दिसतो. त्यामुळे एकट्या ताणाकडे बोट दाखवून भागत नाही. जखम चिघळणे, ती पुन्हा पुन्हा दुखावणे आणि निकेलमिश्रित स्वस्त दागिन्याची ॲलर्जी, या सगळ्यांमुळे सूज लांबते आणि लांबलेली सूज केलॉइडला पोसते.

त्या मुलीला पाळीवर काही न होता वरच्या कानावर गाठ का आली, याचे उत्तर निदान काही अंशी वयात आणि जागेत आहे. आपल्याकडे पूर्वापार कान तान्हेपणी टोचले जातात आणि त्या वयात केलॉइड क्वचित होतो. केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या घरांत वयाच्या अकराव्या वर्षानंतर कान टोचले, तर केलॉइडचे प्रमाण त्याआधी टोचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते, असे अभ्यासात दिसले आहे. शिवाय बुगडी किंवा भिकबाळी घालण्याची वरची जागा म्हणजे मऊ पाळी नव्हे. तिथे त्वचेखाली कूर्चा असते. कूर्चेला रक्तपुरवठा कमी असल्याने तिथली जखम भरायला पाळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, अनेकदा काही महिने, आणि झोपताना ती रोज दबते. बाहेरून खपली पडली म्हणजे आतला मार्गही भरला असे त्या जागी धरता येत नाही. तिच्या आईला बोलता बोलता पदर सरकवून डाव्या दंडावरचा बी.सी.जी. लसीचा वण दाखवायला सांगितला. तो रुपयाच्या नाण्याहून मोठा, उंच आणि चकचकीत होता. घरात केलॉइड होता; त्याला केलॉइड म्हणतात हे कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच.

टोचलेल्या जागी येणारी प्रत्येक गाठ अर्थातच केलॉइड नसते. टोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच भोकाच्या तोंडाशी लाल, ओलसर आणि धक्का लागताच रक्त येणारा दाणा दिसला, तर तो बहुधा ग्रॅन्युलोमा असतो. कान गरम लागतो, ठणकतो आणि पू येतो, तेव्हा तो जंतुसंसर्ग असतो. वरच्या कानात तो कूर्चेपर्यंत गेला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो, म्हणून तिथे एक दिवसही वाट पाहू नये. त्वचेखाली हलणारी गोल गाठ, जिच्यावर एखादा काळा ठिपका असतो आणि जिच्यातून कधी दुर्गंधीयुक्त पांढरा ऐवज येतो, ती सिस्ट असते. केलॉइड कोरडा असतो, त्यातून काही येत नाही आणि तो त्वचेखाली नव्हे तर त्वचेतच असतो, त्यामुळे वरची त्वचा त्याच्यावरून सरकवता येत नाही.

आता त्या मुलीची गाठ कापल्यावर का परतली, ते सहज कळेल. टोचण्याची जखम मिलिमीटरभराची होती. गाठ कापताना झालेली जखम तिच्या कितीतरी पट मोठी होती. तीच त्वचा, तेच न थांबणारे गवंडी आणि आता त्यांच्यापुढे आणखी मोठे काम. नुसती शस्त्रक्रिया केली आणि पुढे काहीच केले नाही, तर निम्म्या किंवा त्याहूनही जास्त रुग्णांत केलॉइड परत येतो. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात तसा या गाठीला बांधून ती गाळण्याचा प्रयत्न, किंवा तिच्यावर चुना लावण्याचा प्रयोग, हा याच कारणाने घातक आहे. तीही नवी जखमच आहे, शिवाय चिघळणारी. कापणे चूक नाही. कापून सोडून देणे चूक आहे.

तिच्यावर आधी इंजेक्शनचे उपचार सुरू केले. ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड औषध थेट गाठीत टोचतात. ते फायब्रोब्लास्टला आवर घालते, सूज कमी करते आणि साचलेले कोलॅजन विरघळायला मदत करते. एका मिलिलिटरमध्ये १० ते ४० मिलिग्रॅम एवढ्या तीव्रतेचे औषध गाठीच्या घट्टपणानुसार वापरतात आणि साधारण चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. पहिल्या वेळी गाठ इतकी कठीण असते, की पिचकारीचा दट्ट्या अंगठ्याने जोर लावूनही जेमतेम सरकतो. औषध योग्य जागी गेले की तांबूस गाठ क्षणभर पांढरी पडते. ते गाठीखालच्या चरबीत किंवा भोवतीच्या चांगल्या त्वचेत गेले, तर तिथे खळगा पडतो आणि रंग फिका होतो, म्हणून गाठीच्या पोटातच थांबावे लागते. हे दुखते आणि ते रुग्णाला आधी सांगितलेले बरे. गाठीवर काही मिनिटे बर्फ धरून किंवा भूल देणारे मलम लावून दुखणे बरेच कमी करता येते. गर्भारपण, मधुमेह किंवा अंगात मुरलेला एखादा संसर्ग असेल तर तो आधी सांगणे आवश्यक आहे.

दुसऱ्या इंजेक्शननंतर तिची खाज थांबली. उपचार लागू पडतो आहे याची ही बहुधा पहिली खूण असते; उंची त्यानंतर कमी होते. चार इंजेक्शनांनंतर गाठ मऊ झाली आणि उंचीने जवळजवळ निम्मी झाली, पण तिथेच अडली. लहान आणि नव्या केलॉइडला एवढे पुष्कळदा पुरते. एवढ्या मोठ्या आणि एकदा परतलेल्या गाठीला पुरत नाही, म्हणून मग शस्त्रक्रिया ठरवली. कानावरची शस्त्रक्रिया छातीवरच्या केलॉइडपेक्षा यशस्वी होण्याची शक्यता जास्त असते, कारण गाठ बरेचदा अरुंद देठावर उभी असते आणि टाके फारसे ताणावे लागत नाहीत. या वेळी कापण्याआधीच पुढचे वेळापत्रक तिच्या हाती दिले होते. जखम मिटतानाच कडेला थोडे स्टेरॉइड, टाके काढल्यावर दर महिन्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शने, आणि जखम भरताच कानाला दाबाची क्लिप. काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासायला पाठवली, कारण क्वचित एखादी वेगळीच गाठ केलॉइडच्या रूपात वावरते.

दाबाची क्लिप ही दिसायला बिनटोचाच्या कर्णफुलासारखी असते, पण ती पुढून आणि मागून वणाला हलकेच चिमटीत धरते. त्या दाबाने वणातला रक्तपुरवठा थोडा आवळला जातो आणि नव्या कोलॅजनच्या भरतीला खीळ बसते. दाब इतकाच हवा, की त्वचा दबावी पण पांढरी पडून दुखू नये किंवा तिथे फोड येऊ नयेत. ती दिवसातून १२ तासांहून जास्त आणि निदान सहा महिने घालावी लागते, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. कान छान दिसू लागलेला असतो, दुखत काही नसते, आणि क्लिप कपाटात जाते. त्या मुलीने कॉलेजात ती केसांखाली झाकून घातली आणि रात्री झोपताना कधी चुकवली नाही. सपाट जागी सिलिकॉनच्या चकत्या वापरतात, पण कानाच्या वळणावर त्या नीट बसत नाहीत.

एवढे करूनही पुन्हा पुन्हा परतणाऱ्या केलॉइडसाठी शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच सुरू होणारा, थोड्या मात्रेचा किरणोपचार प्रौढांमध्ये वापरतात. त्याचे निष्कर्ष चांगले आहेत, मात्र वाढत्या वयाच्या मुलांना तो शक्यतो देत नाहीत. गाठ अतिथंड द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपायही आहे, पण सावळ्या त्वचेवर त्याचा पांढरा डाग राहू शकतो, म्हणून आपल्याकडे तो जपून वापरावा लागतो. एका बैठकीत लेझरने केलॉइड कायमचा घालवून देण्याची जाहिरात दिसली, तर शस्त्रक्रियेनंतर गाठ का परतते हे आठवावे. लेझरनेही जखमच होते.

तिच्या या शस्त्रक्रियेला दीड वर्ष झाले आहे. कानाच्या कडेला एक फिकट रेघ आहे आणि अंगठा फिरवला तर ती सपाट लागते. मधे एकदा, नवव्या महिन्यात, त्या रेघेच्या एका टोकाला खाज सुटू लागली म्हणून ती ठरल्या तारखेची वाट न पाहता लगेच आली. मोहरीएवढा टणकपणा होता आणि एका इंजेक्शनने तो बसला. परतणारा केलॉइड बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून तिची तपासणी अजून सहा महिने चालू राहील. डाव्या कानालाही बुगडीचे भोक पाडावे का, असे तिने मागच्या खेपेला विचारले, आणि तिला नको म्हणून सांगितले. चापाची बुगडी मिळते, तिला भोक लागत नाही.